भेग अडवणारा कण : झिर्कोनियाच्या चिवटपणाचा इतिहास

दातांच्या दवाखान्यात 'झिर्कोनियाची कॅप बसवू या' हे वाक्य आता आपल्याकडच्या तालुक्याच्या गावीही ऐकू येते. दागिन्यांच्या दुकानात ज्याला 'अमेरिकन डायमंड' म्हणतात, तोही झिर्कोनियाच असतो. एक पांढरा, अपारदर्शक आणि दाताखाली वर्षानुवर्षे टिकणारा. दुसरा पारदर्शक, चमकदार आणि फटका बसला तर टवका उडणारा. मूळ पदार्थ एकच, झिर्कोनियम या धातूचा ऑक्साइड. मग एक चिवट आणि दुसरा ठिसूळ का? या प्रश्नाचे उत्तर मिळायला जवळपास पन्नास वर्षे लागली, आणि मिळालेल्या उत्तराची किंमत पुढे शेकडो माणसांना आपल्या खुब्याच्या सांध्यात मोजावी लागली. त्या उत्तराचा हा इतिहास.

सुरुवात नावापासून करू. झिर्कॉन हा शब्द फारसीतल्या 'जरगून' या शब्दापासून आला असे मानतात. जर म्हणजे सोने, गून म्हणजे रंग. सोनेरी रंगाचा खडा. आपल्या जरीत आणि जरतारीत तोच 'जर' आहे. फारसीतून अरबीत, अरबीतून युरोपात असा या शब्दाचा प्रवास झाला. श्रीलंकेतून आलेल्या अशाच एका खड्याचे 1789 मध्ये बर्लिनच्या मार्टिन क्लाप्रोथ या रसायनशास्त्रज्ञाने पृथक्करण केले आणि त्यात एक नवे मूलद्रव्य असल्याचे दाखवले. तेच झिर्कोनियम. आज हा खनिज झिर्कॉन समुद्रकिनाऱ्यांच्या वाळूतून काढतात. केरळातल्या चवऱ्याची वाळू त्यासाठी प्रसिद्ध आहे. त्या वाळूवर प्रक्रिया केली की झिर्कोनिया मिळतो : पांढरी, बारीक पूड, जी सुमारे 2700 अंश सेल्सियसपर्यंत वितळत नाही.

इतकी उष्णता सोसणारा पदार्थ भट्ट्यांच्या विटांसाठी उत्तम ठरायला हवा होता. पण शुद्ध झिर्कोनियाची वीट भाजायला घेतली की एक विचित्र गोष्ट घडायची. भट्टीत सारे ठीक असे. भट्टी थंड होऊ लागली की वीट तडकू लागे, आणि बाहेर काढेपर्यंत तिचे तुकडे झालेले असत. कुंभाराच्या आव्यातही मडकी तडकतात, पण त्यामागे बहुधा नीट न वाळलेला ओलावा किंवा घाईची आच असते. इथे कितीही सावकाश थंड केले तरी वीट वाचत नसे. दोष कारागिराचा नव्हता, पदार्थाच्या घडणीत होता.

ती घडण समजून घेतली पाहिजे, कारण पुढची सगळी कथा तिच्यावर उभी आहे. झिर्कोनियाचे अणू तापमानानुसार तीन प्रकारे रचले जातात. सुमारे 2370 अंशांच्या वर त्यांची रचना घनाकार असते. तिला क्यूबिक रूप म्हणतात. तिथून खाली सुमारे 1170 अंशांपर्यंत ती उभ्या, सरळ कोनांच्या खोक्यासारखी असते. हे टेट्रागोनल रूप. आणि त्याहूनही थंड झाल्यावर तेच खोके एका बाजूला कलते. हे मोनोक्लिनिक रूप. लक्षात ठेवायला सोपे जावे म्हणून पुढे या दोघांना आपण ताठ रूप आणि कललेले रूप म्हणू.

ताठ रूप कलते तेव्हा ते नुसते वाकडे होत नाही, फुगतेही. आकारमान 4 ते 5 टक्क्यांनी वाढते. ऐकायला हे थोडे वाटेल. पण 10 सेंटीमीटर लांबीच्या तुकड्यात याचा अर्थ जवळपास दीड मिलिमीटरची वाढ असा होतो, आणि अशा भाजलेल्या सिरॅमिकला तेवढ्या लांबीवर एक-दोन दशांश मिलिमीटरपेक्षा जास्त ताण सोसवत नाही. शिवाय सगळे कण एकदम आणि एकाच दिशेला फुगत नाहीत. एक कण इकडे रेटतो, शेजारचा तिकडे, आणि वीट आतूनच फाटते. हा बदल अतिशय झपाट्याने होतो. त्यात अणू एकेक करून जागा बदलत बसत नाहीत. कवायतीतल्या रांगेसारखे सगळे मिळून थोडेसे सरकतात. पोलाद तापवून पाण्यात विझवले की त्यात असाच बदल होतो आणि ते कडक होते. झिर्कोनियातला बदल त्याच जातीचा आहे, हे वोल्टन या संशोधकाने 1963 मध्ये मांडले. पोलादाशी असलेले हे नाते पुढे महत्त्वाचे ठरले.

विटा तडकण्यावरचा पहिला उपाय मात्र त्याआधीच सापडला होता. 1929 मध्ये जर्मनीत रुफ आणि एबर्ट यांनी दाखवले की झिर्कोनियात दुसरे काही ऑक्साइड मिसळले की क्यूबिक रूप थंड झाल्यावरही तसेच राहते. चुन्याची कळी, म्हणजे कॅल्शियमचा ऑक्साइड, मॅग्नेशिया आणि इट्रिया ही या कामाची मिश्रणे. बदलच होत नाही म्हटल्यावर फुगणे नाही, आणि फुगणे नाही म्हटल्यावर तडकणे नाही. या पद्धतीला स्थिरीकरण म्हणतात. विटांचा प्रश्न सुटला. अमेरिकन डायमंडही याच वाटेने आला. तो भरपूर मिश्रण घालून पूर्ण स्थिर केलेला क्यूबिक झिर्कोनिया आहे.

पण पूर्ण स्थिर झालेला झिर्कोनिया इतर सिरॅमिकइतकाच ठिसूळ निघाला. सिरॅमिक ठिसूळ का असतात, याचे उत्तर एका भेगेच्या टोकाशी आहे. चहाच्या कपाला केसासारखी बारीक चीर पडलेली आपण पाहतो. कपावर येणारा ताण त्या चिरेच्या टोकाशी एकवटतो. टोक जितके अणकुचीदार, तितका तिथला ताण मोठा. धातूमध्ये अशा ठिकाणी अणूंचे थर एकमेकांवरून घसरतात, टोक बोथट होते आणि ताण पसरतो. सिरॅमिकचे अणू असे घसरत नाहीत. टोक अणकुचीदारच राहते, पुढचा बंध तुटतो, मग त्याच्या पुढचा, आणि काही क्षणांत कप दुभंगतो. भेगेला अडवण्याची ही क्षमता, म्हणजेच चिवटपणा, मोजता येते. साध्या काचेची 1 धरली, तर क्यूबिक झिर्कोनियाची सुमारे 3 आणि अॅल्युमिनाची 5 च्या आसपास भरते. पोलादाची मात्र 70 किंवा त्याहून कितीतरी जास्त. कठीणपणात सिरॅमिक पोलादाला मागे टाकते. चिवटपणात ते त्याच्या पासंगालाही पुरत नाही.

1970 च्या दशकापर्यंत झिर्कोनियावर काम करणाऱ्यांचा समज असा होता की ताठ रूपातून कललेल्या रूपात जाणे हा शत्रू आहे आणि त्याला पूर्ण बंदी घालणे हेच शहाणपण. हा समज मोडला तो ऑस्ट्रेलियात. तिथल्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेत रॉन गार्वी, रिचर्ड हॅनिंक आणि पॅस्को हे तिघे झिर्कोनियावर काम करत होते. गार्वी यांनी 1965 मध्येच एक गोष्ट नोंदवली होती. झिर्कोनियाचे कण अत्यंत बारीक असले, तर कोणतेही मिश्रण न घालताही ते खोलीच्या तापमानाला ताठ रूपात राहू शकतात. म्हणजे बदल व्हायचा की नाही, हे केवळ तापमान ठरवत नाही. कणाचा आकारही ठरवतो.

या तिघांनी झिर्कोनिया पूर्ण स्थिर करण्याऐवजी मुद्दाम अर्धवट स्थिर केला. त्यांनी कॅल्शियमचा ऑक्साइड कमी घातला, उंच तापमानाला मिश्रण एकजीव होऊ दिले आणि मग त्याहून कमी तापमानाला ते काही तास मुरवत ठेवले. मुरताना क्यूबिक कणांच्या आत ताठ रूपाचे अतिसूक्ष्म कण जन्म घेतात. त्यांचा आकार एका मायक्रोमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असतो. केसाची जाडी सुमारे 70 मायक्रोमीटर धरली, तर केसाच्या रुंदीवर असे सातशे कण शेजारी-शेजारी मावतील. वस्तू थंड झाल्यावर या कणांना कलायचे असते, पण कलायचे म्हणजे फुगायचे, आणि भोवतालचा क्यूबिक पदार्थ त्यांना फुगायला जागाच देत नाही. गच्च भरलेल्या एसटीत पाय मोकळे करायची कितीही इच्छा झाली तरी अंग हलवता येत नाही, तशी त्यांची गत होते. ते ताठ अवस्थेत अडकून राहतात, बदलायला आतुर पण बदलू न शकणारे.

आता या पदार्थात भेग शिरते असे समजा. तिच्या टोकाभोवती पदार्थ ताणला जातो, म्हणजे तिथली गच्च पकड क्षणभर सैल होते. तेवढी संधी अडकलेल्या कणांना पुरेशी असते. भेगेच्या आसपासचे कण एकामागून एक कलतात आणि फुगतात. फुगलेले कण भेगेच्या दोन्ही ओठांना आतून दाबतात. भेग उघडू पाहते, फुगलेले कण तिला मिटवू पाहतात. पुढे सरकायचे तर भेगेला आता पूर्वीपेक्षा जास्त जोर लागतो. ज्या फुगण्याने पूर्वी विटांचे तुकडे होत होते, तेच फुगणे इथे नेमक्या जागी आणि नेमक्या वेळी घडून तुकडे होणे रोखते.

गार्वी, हॅनिंक आणि पॅस्को यांचा हा निबंध 1975 मध्ये 'नेचर'मध्ये आला. त्याचे शीर्षक होते 'सिरॅमिक पोलाद?'. प्रश्नचिन्हासकट. पोलादाचेही असे काही प्रकार आहेत ज्यांच्यात ताण पडला की अंतर्गत रचना बदलते आणि त्यामुळे पोलाद अधिक चिवट होते. सिरॅमिकमध्ये तेच साधले, असा या नावाचा अर्थ. प्रश्नचिन्ह प्रामाणिक होते. आपल्या मोजपट्टीवर पुढे अशा अर्धस्थिर झिर्कोनियाने 10 ते 20 पर्यंत मजल मारली, आणि इट्रिया मिसळून केलेल्या बारीक कणांच्या झिर्कोनियाने 8 च्या आसपास. पोलादापासून ते अजून लांबच होते. पण सिरॅमिकच्या दुनियेत ही तिप्पट-चौपट झेप होती.

हा तर्क पटणारा होता, पण भेगेच्या टोकाशी खरेच असे घडते, हे कुणी पाहिले होते? ते 1977 मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहरात पोर्टर आणि ह्यूअर यांनी दाखवले. त्यांनी मॅग्नेशिया घातलेल्या झिर्कोनियाच्या पातळ चकतीत भेग पाडली आणि ती इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली ठेवली. भेगेच्या दोन्ही काठांना लागून असलेले कण कललेले होते. काठापासून थोडे दूर गेले की कण ताठ, जसेच्या तसे. म्हणजे भेग जिथून गेली, तिथे मागे बदललेल्या कणांचा एक अरुंद पट्टा उरला होता. चोर पळून गेल्यावर ओल्या मातीत पावले उमटलेली राहावीत, तसा हा पुरावा होता.

या पट्ट्याबद्दलची एक बारीक गोष्ट मात्र अजून समजायची होती, आणि ती पहिल्या नजरेला उलटी वाटते. आपल्याला वाटेल की भेगेच्या टोकापुढचे कण बदलले की भेग अडते. 1982 मध्ये मॅकमीकिंग आणि एव्हान्स यांनी गणिताने दाखवले की टोकापुढच्या बदललेल्या कणांचा भेग अडवण्याला प्रत्यक्षात काहीच उपयोग होत नाही. उपयोग होतो तो टोकाच्या मागे, दोन्ही बाजूंना राहिलेल्या कणांचा. फुगलेले कण भेगेला मिटवतात ते तिच्या बाजूंनी, समोरून नव्हे. याचा अर्थ असा की भेगेला आधी थोडे पुढे जावे लागते. ती सरकते तसा तिच्या मागचा फुगलेला पट्टा लांबतो आणि तिला मागे खेचणारी पकड वाढत जाते. काही अंतरानंतर ही पकड पूर्ण होते आणि भेग थबकते. म्हणून या पदार्थाचा चिवटपणा हा एकच आकडा नाही. तो भेग वाढता वाढता वाढतो.

त्यांच्या सूत्रातून आणखी एक गोष्ट निघते. पट्टा जितका रुंद, तितका फायदा जास्त, पण सरळ प्रमाणात नाही. रुंदीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. पदार्थाचा 40 टक्के भाग बदलू शकणारा असेल आणि पट्टा भेगेच्या प्रत्येक बाजूला 10 मायक्रोमीटर रुंद असेल, तर सूत्राप्रमाणे आपल्या मोजपट्टीवर चिवटपणात सुमारे 4 ची भर पडते. क्यूबिक झिर्कोनियाच्या 3 मध्ये ही भर घातली की 7 होतात. पट्टा चौपट, म्हणजे 40 मायक्रोमीटर रुंद केला, तर भर दुप्पट होईल, चौपट नाही. प्रत्यक्षात चिवटपणा या हिशेबापेक्षाही बराच जास्त मिळतो, कारण सूत्रात फक्त फुगणे धरले आहे, आणि कण फुगताना तिरकेही सरकतात.

मग पट्टा रुंद कसा करायचा? उत्तर असे की कण बदलायला जितके आतुर, तितके ते भेगेपासून लांब असले तरी बदलतील. आणि आतुरता वाढवायची तर कण थोडे मोठे वाढू द्यायचे, किंवा स्थिर करणारे मिश्रण थोडे कमी घालायचे. इथेच या पदार्थाची खरी कसोटी आहे. कण फार बारीक राहिले, तर भेग आली तरी ते हलत नाहीत, आणि पदार्थ पुन्हा अमेरिकन डायमंडसारखा ठिसूळ होतो. कण फार मोठे झाले, तर ते भेगेची वाटच पाहत नाहीत. थंड होताना आपोआप कलतात, आणि आपण पुन्हा 1929 च्या आधीच्या तडकणाऱ्या विटेपाशी येतो. इट्रिया घातलेल्या झिर्कोनियात, ज्यात इट्रियाचे प्रमाण रेणूंच्या हिशेबाने 3 टक्के असते, काम करणारा पट्टा साधारण पाव ते अर्ध्या मायक्रोमीटरच्या कणांचा आहे. 1 मायक्रोमीटरच्या पुढे गेले की धोका. ही रुंदी भाजणीचे तापमान आणि वेळ यांनी ठरते. भट्टी काही तास जास्त चालली, किंवा तापमान शंभर अंश वर गेले, तरी कण सीमा ओलांडू शकतात. आणि वरून पाहून काही कळत नाही. चिवट तुकडा आणि सीमेवरचा तुकडा दोन्ही सारखेच पांढरे, सारखेच गुळगुळीत असतात. फरक ओळखण्याचा मार्ग म्हणजे क्ष-किरण. ताठ आणि कललेली रचना क्ष-किरणांना वेगवेगळ्या कोनांत वळवतात, त्यामुळे पृष्ठभागावर किती कण आधीच बदलले आहेत, ते मोजता येते.

आणखी एक मर्यादा उष्णतेची आहे. 1980 च्या दशकात सिरॅमिकची इंजिने बनवण्याची मोठी उमेद होती. पण तापमान वाढत जाते तसे ताठ रूपच अधिक सुखात राहते. कलण्याची त्याची आतुरता कमी होते. काही शे अंशांनंतर भेग आली तरी कण पुरेसे प्रतिसाद देत नाहीत. उष्णता सोसण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या पदार्थाचा चिवटपणा उष्णतेतच संपावा, हा या यंत्रणेचा स्वभावच आहे. त्यामुळे चिवट झिर्कोनियाची खरी कामे थंड जागी निघाली. धातूची तार ओढायच्या डायी, न गंजणाऱ्या सिरॅमिक सुऱ्या, पंपांचे भाग. आणि माणसाचे शरीर, जिथले तापमान फक्त 37 अंश असते.

खुब्याच्या सांध्याची शस्त्रक्रिया करताना मांडीच्या हाडाच्या डोक्याच्या जागी एक गोळा बसवतात. तो गोळा प्लॅस्टिकच्या वाटीत फिरतो. धातूच्या गोळ्याने वाटी लवकर झिजते. सिरॅमिकचा गोळा अधिक गुळगुळीत राहतो. अॅल्युमिनाचे गोळे 1970 च्या दशकापासून वापरात होते, पण ते फुटण्याची भीती होती, विशेषतः लहान आकारांत. चिवट झिर्कोनियाने ती भीती दूर होईल असे वाटले. 1980 च्या दशकाच्या मध्यापासून इट्रियायुक्त झिर्कोनियाचे गोळे शरीरात बसू लागले, आणि पुढच्या पंधरा वर्षांत त्यांची संख्या लाखांत गेली.

या काळातच एक इशारा छापून आलेला होता. 1981 मध्ये जपानमध्ये कोबायाशी, कुवाजिमा आणि मासाकी यांनी दाखवले होते की इट्रियायुक्त झिर्कोनिया दोनशे-तीनशे अंशांच्या दमट हवेत ठेवला, तर त्याची ताकद कमी होत जाते. कारण भेग नव्हते, पाणी होते. इट्रिया मिसळल्यामुळे झिर्कोनियाच्या रचनेत ऑक्सिजनच्या काही जागा रिकाम्या राहतात, आणि याच रिकाम्या जागा ताठ रूपाला आधार देतात. पाण्याचे घटक पृष्ठभागातून आत शिरून त्या जागा भरतात, आधार सुटतो, आणि पृष्ठभागावरचा एखादा कण कलतो. तो फुगून वर येतो, त्याच्याभोवती बारीक चिरा पडतात, त्या चिरांतून पाणी शेजारच्या कणापर्यंत पोचते, आणि तोही कलतो. एका ठिकाणी पडलेली ओल भिंतीत पसरत जावी, तसा हा बदल हळूहळू खोल जातो. भेगेला अडवण्यासाठी राखून ठेवलेले कण भेग नसतानाच खर्ची पडतात, आणि त्यांच्या फुगण्याने नव्या भेगा तयार होतात.

शरीरातही पाणी आहे. पण 37 अंशांना हा बदल इतका मंद असेल की माणसाच्या आयुष्यात त्याचा त्रास होणार नाही, असा हिशेब उंच तापमानांच्या प्रयोगांवरून मांडला गेला होता. हिशेब सरासरी पदार्थासाठी फारसा चुकीचा नव्हताही. पण या पदार्थात सरासरीला अर्थ नाही. कणाचा आकार, घनता आणि मिश्रणाचे प्रमाण यांतल्या थोड्याशा फरकानेही बदलाचा वेग कित्येक पटींनी वाढतो. पहिली ठेच वाफेने लागली. शस्त्रक्रियेआधी काही ठिकाणी हे गोळे वाफेच्या यंत्रात पुन्हा निर्जंतुक केले जात. त्या यंत्रात सुमारे 134 अंशांची दाबाखालची वाफ असते; आपल्या प्रेशर कुकरपेक्षाही गरम. त्याने गोळ्यांचा पृष्ठभाग खरखरीत होतो असे लक्षात आल्यावर अमेरिकेच्या एफडीएने 1997 मध्ये तसे न करण्याची सूचना दिली.

दुसरी ठेच फार मोठी होती. झिर्कोनियाचे गोळे बनवणाऱ्या फ्रान्समधल्या एका कंपनीने 1998 च्या सुमारास भाजणीची भट्टी बदलली. पूर्वी एकेक घाण भरून भाजत असत. आता गोळे एका लांब बोगद्यासारख्या भट्टीतून सरकत सरकत जाऊ लागले. उत्पादनासाठी हे सोयीचे होते. पण तापणे आणि थंड होणे यांचा क्रम बदलला, आणि काही घाण्यांतल्या गोळ्यांची अंतर्गत घडण सीमेच्या पलीकडे गेली. ते गोळे तपासण्यांतून पार झाले, शरीरात बसले, आणि दोन-तीन वर्षांतच काही घाण्यांतले गोळे धडाधड फुटू लागले. 2001 च्या ऑगस्टमध्ये ते बाजारातून मागे घेण्यात आले. थोड्याच काळात सुमारे चारशे गोळे फुटल्याची नोंद झाली. फुटलेला गोळा म्हणजे त्या माणसाची पुन्हा शस्त्रक्रिया, आणि तीही पहिलीपेक्षा अवघड, कारण सिरॅमिकचे धारदार तुकडे सांध्यातून वेचून काढावे लागतात. आधी नीट चालणारी माणसे एका क्षणात पुन्हा खाटेवर आली.

जगभर बसवलेल्या सुमारे सहा लाख गोळ्यांपैकी फुटलेले फार थोडे होते. बहुतेकांनी वर्षानुवर्षे काम दिले. त्यामुळे पदार्थ वाईट होता असे म्हणता येत नाही. पण कोणता गोळा सीमेच्या अलीकडे आहे आणि कोणता पलीकडे, हे सांगणारी सक्तीची तपासणी तेव्हा नव्हती. गोळ्यांची ताकद नवे असतानाच मोजली जात होती. आणि नव्या गोळ्यात दोष दिसतच नाही, कारण कण अजून ताठ असतात.

यातून निघालेली चाचणी त्याच वाफेवर आधारलेली आहे. 37 अंशांना जो बदल व्हायला वर्षे लागतात, तो 134 अंशांच्या वाफेत तासांत होतो. ल्योंच्या जेरोम शेव्हालिए आणि सहकाऱ्यांनी बदलाचा वेग वेगवेगळ्या तापमानांना मोजून हिशेब केला, तेव्हा वाफेतला 1 तास शरीरातल्या तीन-चार वर्षांच्या बरोबरीचा निघाला. म्हणून आता नमुना 5 तास वाफेत ठेवतात आणि मग क्ष-किरणांनी कललेल्या कणांचे प्रमाण पाहतात. शस्त्रक्रियेत वापरायच्या झिर्कोनियासाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकात हे प्रमाण जास्तीत जास्त 25 टक्के ठरवलेले आहे. चाचणी साधी आहे, तिच्यातले वाफेचे यंत्र कोणत्याही मोठ्या दवाखान्यात असते, आणि ज्या वाफेने 1997 मध्ये गोळे खराब केले, तीच आता खराब गोळा आधीच पकडून देते.

खुब्याच्या गोळ्यांमध्ये शुद्ध झिर्कोनियाची जागा पुढे मिश्र सिरॅमिकने घेतली. त्यात पाण्याला न बधणारा अॅल्युमिना मुख्य असतो आणि त्यात विखुरलेले झिर्कोनियाचे कण पाचव्या हिश्श्याहूनही कमी. कण एकमेकांना चिकटून नसल्यामुळे एकाचा बदल शेजाऱ्याला लागत नाही, ओल पसरत नाही. भेग आली तर मात्र तिच्या वाटेवरचे कण पूर्वीसारखेच फुगतात. दातांच्या कॅपसाठी इट्रियायुक्त झिर्कोनिया अजून वापरतात, आणि तिथे एक नवी ओढाताण चालू आहे. कॅप खऱ्या दातासारखी अर्धपारदर्शक दिसावी म्हणून इट्रियाचे प्रमाण 3 वरून 5 टक्क्यांपर्यंत नेतात. इट्रिया वाढला की क्यूबिक भाग वाढतो, प्रकाश सहज आरपार जातो आणि पाण्याची भीतीही जवळपास जाते. पण त्याबरोबर बदलू शकणारे कणही कमी होतात, आणि कॅप चिवटपणात अमेरिकन डायमंडकडे सरकते. त्यामुळे समोरच्या दाताला दिसण्याची कॅप आणि दाढेला सोसण्याची कॅप वेगवेगळी निवडावी लागते. डॉक्टरांनी 'झिर्कोनिया' एवढेच सांगितले, तर 'त्यात इट्रिया किती टक्के आहे?' हा प्रश्न विचारण्यात काही गैर नाही. दाताखाली भेग आली तर तिला अडवायला किती कण तयार आहेत, ते त्या आकड्यावरच ठरते.